घाटात तापलेली गाडी: वाफ, धूर आणि आग

मुंबईहून पुण्याला जाताना खोपोली मागे पडली की रस्ता बोरघाटात चढू लागतो. काही किलोमीटरांतच गाडीला साडेपाचशे मीटरच्या आसपास उंची गाठायची असते. मे महिन्याची दुपार, पुढे कंटेनरची रांग, गाडीत पाच माणसे, डिकी भरलेली आणि एसी पूर्ण वेगात. अशा वेळी इंजिनावर ताण सर्वांत जास्त पडतो आणि वेग नसल्यामुळे रेडिएटरला वारा सर्वांत कमी मिळतो. एरवी वर्षभर कुरकुर न करणारी गाडी नेमकी अशा जागी तापते, ती याच कारणाने.

इंजिनात जळणाऱ्या इंधनाची जेमतेम एक तृतीयांश ऊर्जा चाकांपर्यंत पोहोचते. उरलेल्या उष्णतेतला मोठा वाटा सायलेन्सरमधून बाहेर जातो आणि बराचसा कूलंट वाहून नेतो. वॉटर पंप हे कूलंट इंजिनाभोवतीच्या पोकळ्यांतून फिरवून रेडिएटरमध्ये आणतो. तिथे समोरून येणारा वारा किंवा विजेचा पंखा ते थंड करतो. सगळे ठीक असेल तर कूलंटचे तापमान ९० अंश सेल्सिअसच्या आसपास राहते. ही सारी व्यवस्था बंद आणि दाबाखाली असते. रेडिएटरच्या किंवा कूलंटच्या टाकीच्या झाकणाला स्प्रिंग असते आणि ती आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा साधारण एक वातावरणाने जास्त ठेवते. त्यामुळे उघड्या भांड्यात १०० अंशांना उकळणारे पाणी इथे १२० अंशांच्या आसपास जाईपर्यंत उकळत नाही. गाडी तापल्यावर झाकण उघडू नये असे सगळेच सांगतात. त्याचे कारण या दाबात आहे आणि ते पुढे येईल.

गाडी तापू लागल्याची पहिली खूण म्हणजे तापमानाचा काटा. मात्र हल्लीच्या बऱ्याच गाड्यांत काटाच नसतो, फक्त दिवा असतो. इंजिन थंड असताना निळा, फार तापले की लाल. लाल दिवा लागतो तेव्हा मधली पायरी हातची गेलेली असते, म्हणून अशा गाडीत बाकीच्या खुणांकडे लक्ष हवे. एसीची हवा अचानक कोमट होणे ही त्यातली एक, कारण इंजिन तापले की अनेक गाड्यांत कॉम्प्रेसर आपोआप बंद केला जातो. चढावर गाडी ओढेनाशी होणे, बॉनेटखालून टकटक आवाज येणे आणि गोडसर वास सुटणे या आणखी खुणा. गोडसर वास कूलंटमधल्या ग्लायकॉलचा असतो. तो आला म्हणजे कूलंट कुठूनतरी बाहेर पडते आहे.

काटा असलेल्या गाडीतही एक फसवी जागा आहे. तापमान मोजणारा सेन्सर द्रवात बुडालेला असेल तरच नीट काम करतो. पाइप फुटून कूलंट वाहून गेले की सेन्सर कोरडा पडतो आणि वर गेलेला काटा कधीकधी खाली येतो. चालकाला वाटते, निभावले. प्रत्यक्षात इंजिन तेव्हा पाण्यावाचून तापत असते. लालजवळ गेलेला काटा गाडीचा भार कमी न होताच झपकन खाली आला, तर ती गाडी ताबडतोब थांबवण्याची खूण आहे.

काटा मध्यावरून वर सरकला आहे, पण लालमध्ये गेलेला नाही, एवढ्यावर गोष्ट असेल तर वेळ हातात असतो. आधी एसी बंद करावा. कॉम्प्रेसरचा भार उतरतोच, शिवाय रेडिएटरच्या पुढ्यात बसवलेला एसीचा कंडेन्सर उष्णता ओकायचा थांबतो. मग काचा खाली घेऊन हीटर पूर्ण गरमवर आणि पंखा पूर्ण वेगावर ठेवावा. मे महिन्यात हीटर लावणे वेडेपणाचे वाटेल, पण हीटर म्हणजे डॅशबोर्डमागचा एक छोटा रेडिएटरच. तो इंजिनाची उष्णता गाडीच्या आत आणतो. बसणाऱ्यांना घाम फुटतो आणि काटा बऱ्याचदा थोडा मागे येतो. हीटरमधून गार हवा येऊ लागली तर मात्र तिथपर्यंत कूलंट पोहोचतच नाही असा अर्थ होतो आणि पुढे जाण्याचा विचार सोडावा लागतो. रांगेत उभे असताना गाडी न्यूट्रलमध्ये घेऊन एक्सलरेटर हलका दाबून ठेवला, इंजिनाचे फेरे मिनिटाला दीड हजारांच्या आसपास आणले, तर वॉटर पंप जरा जोरात फिरतो. क्लच अर्धवट दाबून चढावर गाडी धरून ठेवण्याची सवय इथे दुहेरी महाग पडते, कारण इंजिन तापतेच आणि वर क्लचप्लेटही जळते.

लाल दिवा लागला, काटा लालमध्ये गेला किंवा बॉनेटच्या फटीतून वाफ दिसली की मग उपाय करत बसायचे नसते, गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करायचे असते. पुढच्या टोलनाक्यापर्यंत तरी जाऊ, हा हिशेब इंजिनाला परवडत नाही. सिलिंडरवरचे हेड आता बहुतेक गाड्यांत ॲल्युमिनियमचे असते. ते जास्त तापले की किंचित वाकते आणि हेड व ब्लॉक यांच्यामधले गॅस्केट जागा सोडते. मेकॅनिकच्या भाषेत गॅस्केट उडते. एक पाइप बदलून भागले असते, तिथे हेड उतरवावे लागते.

गाडी डावीकडच्या शोल्डरवर जमेल तेवढी आत घ्यावी, हॅझर्ड दिवे लावावेत आणि हँडब्रेक ओढून चाकामागे दगड लावावा. माणसे डावीकडच्या दारांनी उतरवून रेलिंगपलीकडे सुरक्षित जागा असेल तर तिथे उभी करावीत. घाटात बंद पडलेल्या गाडीला तापलेल्या इंजिनापेक्षा मागून येणाऱ्या ट्रकचा धोका मोठा असतो. परावर्तक त्रिकोण मागे निदान पन्नास मीटरवर ठेवावा. वळण असेल तर वळणाच्या अलीकडे, म्हणजे येणाऱ्याला आधी त्रिकोण दिसेल आणि मग गाडी.

यानंतरचा अर्धा तास काहीही न करण्याचा आहे आणि नेमके तेच लोकांना जमत नाही. कोणीतरी बाटली घेऊन धावतो, कोणी झाकणाला हात घालतो. झाकणाखाली ११०-१२० अंशांचे पाणी केवळ दाबामुळे द्रव राहिलेले असते. झाकण फिरले की दाब एका क्षणात उतरतो, त्या पाण्यातला काही भाग तिथल्या तिथे वाफ होतो आणि उरलेल्या उकळत्या पाण्याला घेऊन कारंज्यासारखा वर येतो. चेहरा, मान आणि हात भाजलेले असे रुग्ण उन्हाळ्यात नवे नसतात. भाजलेच तर त्या जागेवर वीस मिनिटे साधे गार, वाहते पाणी धरावे. बर्फ, हळद, टूथपेस्ट यांतले काही लावू नये.

तापलेल्या इंजिनावर गार पाणी ओतणेही तसेच नुकसानीचे. बाहेरचा धातू आकसतो, आतला फुगलेलाच राहतो आणि हेडला किंवा ब्लॉकला तडा जाऊ शकतो. बॉनेट उघडायचे तर वाफ थांबल्यावर आणि खाली आग नाही याची खात्री झाल्यावरच. उघडल्यावर पंख्यापासून हात लांब ठेवावा, कारण काही गाड्यांत इंजिन बंद असतानाही पंखा आपसूक सुरू होतो.

तीस-चाळीस मिनिटांनी रेडिएटरचा वरचा जाड रबरी पाइप फडक्याने धरून दाबून पाहावा. तो कडक आणि तापलेला असेल तर आत दाब आहे, अजून थांबावे. मऊ पडला असेल तर झाकणावर जाड फडके टाकून, तोंड बाजूला ठेवून, पाव फेरा फिरवावा. फुसफुस पूर्ण थांबली की मगच झाकण काढावे. त्याआधी गाडीखाली एक नजर टाकलेली बरी. स्वच्छ, रंगहीन पाण्याचे थेंब बहुधा एसीचे असतात. हिरवे, गुलाबी किंवा निळे थारोळे म्हणजे कूलंट. जवळ कूलंट नसेल तर साधे पिण्याचे पाणी, थोडे थोडे, टाकीवरच्या वरच्या खुणेपर्यंत भरता येते. गॅरेज गाठेपर्यंत ते चालते, नंतर मात्र योग्य प्रमाणातले कूलंट भरून घ्यावे लागते.

पाणी भरून इंजिन सुरू केल्यावर टाकीत सतत बुडबुडे येत असतील, सायलेन्सरमधून दाट पांढरा धूर जात राहिला असेल, किंवा ऑइल भरायच्या झाकणाखाली दुधाळ चहाच्या रंगाचा चिकट थर दिसत असेल, तर गॅस्केट उडाले आहे असे धरून गाडी टो करावी. बुडबुडे नाहीत, गळती नाही आणि पंखा फिरतो आहे असे असेल तर एसी न लावता, काट्यावर डोळा ठेवून हळू निघता येते. दोन-चार किलोमीटरांत काटा पुन्हा चढला तर दुसरा प्रयोग करू नये.

इथपर्यंत प्रकरण वाफेचे होते. बॉनेटखालून जे येते ते वाफ की धूर, हे ओळखणे पुढच्या सगळ्याचा पाया आहे. वाफ पांढरी असते, हवेत लगेच विरते आणि तिला गोडसर, ओलसर वास असतो. धूर रेंगाळतो. तापलेल्या भागावर ऑइल पडत असेल तर तो निळसर आणि उग्र वासाचा असतो. वायर किंवा प्लास्टिक जळत असेल तर करडा ते काळा आणि घशाला झोंबणारा. पेट्रोलचा वास आला, बॉनेटच्या रंगाला फोड येताना दिसले किंवा रात्री फटीतून नारिंगी उजेड दिसला तर शंकेला जागा उरत नाही. शंका असेल तेव्हा धूरच आहे असे मानावे. वाफेला आग समजून गाडीतून लांब पळालेल्या माणसाचे काही बिघडत नाही.

केवळ इंजिन तापल्यामुळे गाडी पेटणे तसे क्वचित घडते, पण दोन्हींत नाते आहे. एक्झॉस्ट मॅनिफोल्ड चढावर काही शे अंशांपर्यंत तापतो. जुन्या गॅस्केटमधून झिरपणारे ऑइल किंवा तडकलेल्या पाइपमधून येणारे इंधन त्यावर पडले की ठिणगीचीही गरज नसते. कूलंटमधले पाणी उडून गेल्यावर उरलेले ग्लायकॉलसुद्धा पेट घेऊ शकते. दुसरे मोठे कारण वायरिंगचे. बाहेरून बसवून घेतलेले जादा दिवे, हॉर्न, म्युझिक सिस्टीम, आणि फ्यूज वारंवार उडतो म्हणून त्याजागी टाकलेला मोठा फ्यूज किंवा तांब्याची तार. फ्यूज उडत होता तो वायर वाचवण्यासाठी. त्याची वाट अडवली की वायरच फ्यूजचे काम करते, म्हणजे जळते. उंदरांनी कुरतडलेल्या वायरी हे पावसाळ्यानंतरचे नेहमीचे कारण.

आता वरच्याच गाडीत, चढावर, डॅशबोर्डच्या खालून करडा धूर आत येऊ लागला आहे असे समजू. वेग वाढवून पुढे जाण्याची ऊर्मी चुकीची, कारण वाऱ्याने ज्वाळा फोफावतात आणि मागे, म्हणजे माणसांच्या दिशेने येतात. गाडी डावीकडे घेऊन लगेच उभी करावी आणि थांबतानाच दारांचे सेंट्रल लॉक उघडावे. वायरिंग जळाले की ते बटण चालेलच असे नाही. मग इग्निशन बंद करावे. पेट्रोल गाडीतला इंधनाचा पंप विजेवर चालतो, त्यामुळे इग्निशन बंद होताच आगीकडे दाबाने जाणारे पेट्रोल थांबते. हँडब्रेक ओढून सगळ्यांनी बाहेर पडावे. पर्स, लॅपटॉप, चार्जरला लावलेला मोबाइल, यांतले काहीही घ्यायला मागे वळू नये. फोम आणि प्लास्टिक जळाल्यावर होणाऱ्या धुरात कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन सायनाइड असते आणि बंद गाडीत ते थोड्या श्वासांतच माणसाला निकामी करते. गाडी बोगद्यात असेल आणि चालत असेल तर तिला बोगद्याबाहेर काढावे. ते शक्य नसेल तर भिंतीलगत उभी करून धुराच्या उलट दिशेने चालत बाहेर पडावे.

मागे मुले बसली असतील तर एक गोष्ट आधीच ठाऊक हवी. चाइल्ड लॉक लावलेले मागचे दार सेंट्रल लॉक उघडले तरी आतून उघडत नाही. ते बाहेरूनच उघडावे लागते, म्हणून चालकाने उतरल्यावर पहिली धाव मागच्या दाराकडे घ्यावी. दार अडकलेच तर बाजूची काच फोडावी. समोरची काच थराथरांची असते, ती तडकते पण निखळत नाही, तिच्यावर वेळ घालवू नये. बाजूची काच सहसा कडक केलेली असते आणि टोकदार हातोडीने कोपऱ्याजवळ मारल्यास एकदम चुरा होऊन पडते. हातोडी हाताच्या अंतरावर हवी, डिकीतल्या हातोडीचा उपयोग नाही. काही नव्या, महाग गाड्यांत बाजूच्या काचाही थरांच्या असतात. आपली काच कोणती हे तिच्या कोपऱ्यातल्या छापावरून कळते.

बसमध्ये हाच प्रश्न जीवघेणा होतो. १ जुलै २०२३ च्या पहाटे समृद्धी महामार्गावर बुलढाणा जिल्ह्यात सिंदखेडराजाजवळ नागपूरहून पुण्याला जाणारी खासगी बस अपघात होऊन डाव्या अंगावर उलटली आणि पेटली. दार त्याच अंगाला असल्याने ते खाली दाबले गेले. २५ प्रवासी दगावले, वाचले ते ८. बसमध्ये बसल्या बसल्या दाराखेरीज दुसरी वाट कुठे आहे, काचेजवळची हातोडी जागेवर आहे का, छताची झडप कशी उघडते, हे पाहायला अर्धे मिनिट पुरते.

सगळे बाहेर पडल्यावर निदान तीस मीटर दूर जावे. वाऱ्याची दिशा पाहून, धूर अंगावर येणार नाही अशा बाजूला. घाटात शक्य असेल तर गाडीच्या वरच्या अंगाला, कारण सांडलेले इंधन उताराने वाहते आणि ब्रेक जळालेली गाडीही उताराकडेच घरंगळते. गाडीच्या नेमके पुढे किंवा मागे उभे राहू नये. डिकी आणि बॉनेट उचलून धरणारे गॅसचे दांडे तापून फुटले की भाल्यासारखे सुटतात. टायरही मोठ्या आवाजाने फुटतात. चित्रपटात दिसतो तसा अख्ख्या गाडीचा स्फोट सहसा होत नाही, पण बघ्यांना जायबंदी करायला एवढे पुरते.

तिथून ११२ किंवा अग्निशमनासाठी १०१ लावावा. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ हा क्रमांक आहे. सांगायचे ते थोडके: रस्त्याकडेच्या दगडावरचा किलोमीटरचा आकडा, गाडी मुंबईच्या लेनवर आहे की पुण्याच्या, आत कोणी अडकले आहे का आणि गाडी पेट्रोल, डिझेल, सीएनजी की इलेक्ट्रिक. लेन चुकली तर बंबाला पुढच्या वळणावरून फिरून यावे लागते.

अग्निशामकाचा विचार या सगळ्यानंतर. गाडीत ठेवला जाणारा एक किलोचा पावडरचा सिलिंडर दहा सेकंदांच्या आसपास रिकामा होतो. तेवढ्यात आटोक्यात येते ती सुरुवातीची, बॉनेटखालची लहान आग. ज्वाळा आत शिरल्या असतील किंवा इंधन सांडून खाली पेटले असेल तर सिलिंडर टाकून दूर व्हावे. लहान आगीवरही बॉनेट पूर्ण उघडू नये. उघडताक्षणी कोंडलेल्या आगीला हवा मिळते आणि ज्वाळा तोंडावर येतात. आतला खटका ओढून बॉनेट बोटभर सुटले की त्या फटीतून, पुढच्या जाळीतून किंवा चाकावरच्या पोकळीतून पावडर मारावी. पिन काढून, वाऱ्याकडे पाठ करून, ज्वाळेच्या बुडाशी नेम धरावा. आग विझल्यासारखी वाटली तरी बॉनेट उघडू नये, कारण पावडर धातू थंड करत नाही आणि तापलेल्या मॅनिफोल्डवर इंधन पुन्हा पेटते. सिलिंडर चालकाच्या सीटजवळ बांधलेला असावा, त्याचा काटा हिरव्यात असावा आणि पावडर तळाशी घट्ट बसू नये म्हणून तो अधूनमधून उलटासुलटा करून हलवावा.

सीएनजी गाडीत वायू सुमारे २०० बार दाबाने भरलेला असतो, म्हणून लोक तिला सर्वांत जास्त भितात. टाकीवर एक सुरक्षा-झडप असते. आगीने टाकी तापली की तिच्यातला वितळणारा भाग ११० अंशांच्या आसपास वितळतो आणि वायू ठरलेल्या वाटेने बाहेर पडतो. तेव्हा मोठा फूत्कार ऐकू येतो आणि डिकीच्या बाजूने लांबलचक ज्वाळा निघते. दिसायला ते भयंकर, पण टाकी फुटण्याऐवजी रिकामी होते आहे. त्या ज्वाळेवर पाणी किंवा पावडर मारून ती विझवू नये. विझली तर वायू न जळता साचतो. गाडीच्या मागच्या बाजूला कोणी जाऊ नये, टाकीचा हाताने फिरवायचा व्हॉल्व्ह बंद करायलाही नाही. टाकीची दर तीन वर्षांनी होणारी हायड्रो टेस्ट याच प्रसंगासाठी असते आणि ती चुकवलेल्या टाकीचा भरवसा धरता येत नाही.

इलेक्ट्रिक गाडीत रेडिएटरची वाफ सहसा दिसत नाही. गाडीच्या तळातून फटफट किंवा सूंसूं आवाज येतो आणि पांढरा-करडा दाट धूर निघतो. तो विषारी आणि ज्वलनशील असतो, त्याला वाफ समजून जवळ जाऊ नये. बॅटरीतला एक सेल तापून शेजारचा तापवतो आणि साखळी आतून चालत राहते, त्यामुळे पावडर बाहेरच्या ज्वाळा विझवते, पण आतली क्रिया थांबत नाही. तिला पुष्कळ पाणी, बराच वेळ लागते आणि ते बंबाचे काम आहे. विझलेली बॅटरी काही तासांनी, कधी काही दिवसांनीही पुन्हा पेटते, म्हणून अशी गाडी टो केल्यावर इमारतीपासून आणि दुसऱ्या वाहनांपासून लांब, उघड्यावर ठेवावी लागते आणि ती पूर्वी पेटली होती हे टोवाल्याला व गॅरेजवाल्याला आधीच सांगावे लागते.